एनपीयू पाहून लॅपटॉप घ्यावा का? प्रथमच खरेदी करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

गेल्या दोन वर्षांत लॅपटॉपच्या खोक्यावर आणि दुकानातल्या पाटीवर एक नवा आकडा दिसू लागला आहे. तो कुठे ११ टॉप्स असतो, कुठे ४५, तर कुठे ९९. विक्रेता तो मोठ्या विश्वासाने दाखवतो आणि आकडा जितका मोठा तितके यंत्र ‘हुशार’ असे सुचवतो. या लेखात तो आकडा कशाचा असतो, त्याचा आपल्या रोजच्या कामाशी संबंध कुठे येतो आणि त्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत का, हे क्रमाने पाहू. भर विंडोज लॅपटॉपवर आहे, कारण सर्वाधिक गोंधळ तिथेच आहे. फोनविषयी शेवटाकडे थोडक्यात लिहिले आहे.

आधी एनपीयू कशासाठी असतो ते समजून घ्या

एनपीयू म्हणजे न्यूरल प्रोसेसिंग युनिट. हा बहुधा वेगळा सुटा भाग नसून मुख्य चिपच्याच आतला एक कोपरा असतो. चेहरा ओळखणे, आवाजातून गोंगाट काढणे, बोललेले लिहून काढणे किंवा मजकुराचा सारांश करणे, या सगळ्या कामांच्या मुळाशी संख्यांच्या मोठमोठ्या तक्त्यांचे गुणाकार आणि त्यांच्या बेरजा असतात. सीपीयू हे गुणाकार करू शकतो आणि ग्राफिक्स चिप म्हणजे जीपीयू तर ते फार वेगाने करते. परंतु दोघांनाही त्यासाठी बरीच वीज लागते. एनपीयूची रचना केवळ याच एका प्रकारच्या कामासाठी केलेली असल्यामुळे तो तेच काम कमी विजेत करतो.

ही गोष्ट नीट लक्षात ठेवावी, कारण पुढचा सगळा विचार तिच्यावर उभा आहे. एनपीयूचा मुख्य लाभ विजेच्या बचतीत आहे, वेगात नाही. त्यामुळे तो अशा कामांत उपयोगी पडतो जी तासन्‌तास पार्श्वभूमीला चालू राहतात, उदाहरणार्थ व्हिडिओ कॉलमध्ये मागचे दृश्य धूसर करणे किंवा आवाज स्वच्छ करणे. तो असल्यामुळे एक्सेलची फाइल लवकर उघडत नाही, ब्राउझर जलद चालत नाही आणि खेळांची गतीही वाढत नाही. नव्या लॅपटॉपची बॅटरी जास्त टिकत असेल तर त्याचे श्रेय संपूर्ण चिपच्या नव्या बांधणीला असते. ते एकट्या एनपीयूला देणे योग्य नाही.

टॉप्सचा आकडा कोणाचा आहे ते विचारा

एक टॉप्स म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी क्रिया. हा आकडा बहुधा आठ बिटांच्या पूर्णांकांवर, सर्वांत अनुकूल परिस्थितीत मिळू शकणाऱ्या कमाल गतीचा असतो; प्रत्यक्ष वापरात त्याचा काही भागच हाती येतो. ही मर्यादा सर्वच उत्पादकांना लागू असल्यामुळे तिच्याने तुलना फारशी बिघडत नाही. तुलना बिघडते ती वेगळ्याच कारणाने.

काही जाहिरातींत एनपीयूचा आकडा न देता सीपीयू, जीपीयू आणि एनपीयू या तिघांची बेरीज दिलेली असते. इंटेलच्या लुनार लेक पिढीचा एकूण आकडा १२० टॉप्सपर्यंत सांगितला जातो. त्यातला एनपीयूचा वाटा ४८ आहे. त्याच कंपनीच्या कोअर अल्ट्रा 9 285H या चिपचा एकूण आकडा ९९ आहे, परंतु त्यात एनपीयूचे टॉप्स फक्त १३ आहेत. दुकानातल्या पाटीवर ९९ वाचून आणि शेजारच्या लॅपटॉपवर ४५ वाचून कोणीही पहिला निवडेल, आणि विंडोजच्या ज्या सुविधांसाठी त्याने तो घेतला त्या त्याला मिळणारच नाहीत. म्हणून विक्रेत्याला एवढेच विचारावे की हा आकडा एकट्या एनपीयूचा आहे की सगळ्यांचा मिळून.

त्या सुविधांची अट अशी आहे. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘कोपायलट प्लस पीसी’ ही श्रेणी जाहीर केली आणि तिच्यासाठी तीन किमान गोष्टी ठरवल्या: एनपीयू ४० टॉप्स किंवा अधिक, मेमरी १६ जीबी आणि साठवण २५६ जीबी. पडद्याची चित्रे साठवून जुने काम शोधून देणारे रिकॉल, पडद्यावरच्या मजकुरावर किंवा चित्रावर लगेच कृती सुचवणारे क्लिक टू डू आणि अर्थ ओळखून फाइल शोधणारा सुधारित शोध या सुविधा याच श्रेणीपुरत्या राखलेल्या आहेत. ३९ टॉप्स असले तर थोड्या कमी सुविधा मिळतील असे नाही. उंबरठा ओलांडला तर सगळ्या मिळतात, नाहीतर एकही मिळत नाही. त्यामुळे ४५ आणि ५० मधल्या फरकावर वेळ घालवण्याचे कारण नाही.

चिपच्या नावावरून हा उंबरठा ओळखण्यासाठी थोडी सावधगिरी लागते. इंटेलच्या कोअर अल्ट्रा दुसऱ्या मालिकेत क्रमांकाच्या शेवटी V असेल, जसे 258V, तर ती चिप पात्र असते. त्याच मालिकेत शेवटी H असेल, जसे 255H, तर नसते. एएमडीच्या रायझेन AI 300 मालिकेतल्या चिप पात्र आहेत, तर केवळ ‘रायझेन 7 250’ असे नाव असलेली चिप नवी वाटली तरी तिचा एनपीयू १६ टॉप्सचा आहे. क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन एक्स मालिकेत एनपीयू ४५ टॉप्सचा आहे.

‘पुढे उपयोगी पडेल’ या युक्तिवादाची परीक्षा

आज गरज नसली तरी पाच वर्षांचा विचार करून एनपीयू असलेले यंत्र घ्या, असे अनेकदा सांगितले जाते. या सल्ल्याचे काय होऊ शकते ते नुकतेच दिसले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये इंटेलची पहिली कोअर अल्ट्रा मालिका आली आणि तिचे लॅपटॉप ‘एआय पीसी’ म्हणून विकले गेले. त्यांचा एनपीयू सुमारे ११ टॉप्सचा होता. अवघ्या सहा महिन्यांत मायक्रोसॉफ्टने ४० ची अट घातली आणि भविष्यासाठी म्हणून घेतलेली ती यंत्रे मुख्य सुविधांच्या बाहेर राहिली. मागचे दृश्य धूसर करण्यासारखे विंडोजमधले कॅमेऱ्याचे परिणाम त्यांना मिळतात, पण ज्या गोष्टींची वाट पाहायला सांगितले होते त्या नाहीत.

उद्याची अट काय असेल हे आज खरेदी करणाऱ्याला कळण्याचा मार्ग नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की जी सुविधा आज दुकानात चालवून दाखवता येते तिच्यासाठीच पैसे मोजावेत. आश्वासनासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये.

मेमरीकडे आधी पाहा

यंत्रावरच चालणाऱ्या बुद्धिमान सुविधांना खरी मर्यादा बहुतेकदा एनपीयूची पडत नाही, मेमरीची पडते. याचे सर्वांत बोलके उदाहरण ॲपलचे आहे. २०२० च्या एम१ चिपमधील न्यूरल इंजिन ११ टॉप्सचे आहे, तर आयफोन १५ मधील ए१६ चिपमध्ये ते सुमारे १७ टॉप्सचे आहे. असे असूनही ॲपल इंटेलिजन्स हा ॲपलच्या बुद्धिमान सुविधांचा संच एम१ च्या मॅकवर चालतो आणि आयफोन १५ वर चालत नाही. एम१ च्या मॅकमध्ये मेमरी किमान ८ जीबी असते, त्या फोनमध्ये ६ जीबी. भाषा हाताळणारे मॉडेल काम करताना मेमरीत बसून राहावे लागते आणि तेवढी जागा मोकळी नसेल तर टॉप्सचा काही उपयोग होत नाही.

मेमरीच्या आकाराइतकाच तिचा वेगही महत्त्वाचा आहे. मॉडेल उत्तर लिहिते तेव्हा ते शब्दांचे छोटे तुकडे एकामागून एक तयार करते आणि साधारणतः प्रत्येक तुकड्यासाठी संपूर्ण मॉडेल मेमरीतून एकदा वाचावे लागते. गिरणी कितीही मोठी असली तरी धान्य ओतणारा हात जितका चालेल तितकेच पीठ निघते, तसे हे आहे. प्रत्यक्ष हिशेब करून पाहू. आठशे कोटी घटकांचे मॉडेल चार बिटांत आवळले की सुमारे साडेचार जीबी भरते. लॅपटॉपमध्ये डीडीआर५ प्रकारची, ५६०० वेगाची मेमरीची एकच पट्टी असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त ४५ जीबी वाचता येतात, म्हणजे सेकंदाला १० तुकडे. तशाच दोन पट्ट्या असतील तर ९० जीबी, म्हणजे २० तुकडे. नव्या पातळ लॅपटॉपमध्ये बोर्डावर जडवलेली वेगवान मेमरी सुमारे १३५ जीबी देते, म्हणजे ३० तुकडे. या सगळ्या वरच्या मर्यादा आहेत. प्रत्यक्षात वेग त्याहून कमीच मिळतो.

या हिशेबात एनपीयूचा आकडा कुठेही आला नाही, हे ध्यानात घ्यावे. लांबलचक दस्तऐवज उत्तरापूर्वी वाचून घेण्याच्या टप्प्यात गणनाशक्ती उपयोगी पडते, परंतु उत्तर लिहिण्याच्या टप्प्यात अडथळा मेमरीचा असतो. मराठी वाचकांसाठी यात आणखी एक बाब आहे: बहुतेक मॉडेले मराठी शब्दाचे इंग्रजी शब्दापेक्षा बरेच जास्त तुकडे करतात, त्यामुळे तेवढ्याच आशयाचे मराठी उत्तर पडद्यावर येण्यास जास्त वेळ लागतो. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या अनेक मध्यम किमतीच्या लॅपटॉपमध्ये एकच पट्टी बसवलेली असते आणि दुसरी खाच रिकामी असते. तशीच दुसरी पट्टी बसवली तर वरचा आकडा दुप्पट होतो, आणि एरवीच्या कामालाही त्या मेमरीचा फायदा मिळतो. याउलट मेमरी बोर्डावर जडवलेली असेल तर ती नंतर वाढवता येत नाही, म्हणून तिथे १६ की ३२ हा निर्णय खरेदीच्या दिवशीच घ्यावा लागतो.

जे स्वतः अशी मॉडेले उतरवून चालवू इच्छितात त्यांनी एक गोष्ट अवश्य तपासावी. ओलामा, एलएम स्टुडिओ यांसारखी प्रचलित साधने प्रामुख्याने सीपीयू आणि जीपीयूवर चालतात. इंटेल, एएमडी आणि क्वालकॉम यांच्या एनपीयूसाठी मॉडेल वेगवेगळ्या साधनांनी वेगळे तयार करावे लागते. त्यामुळे ५० टॉप्सचा एनपीयू शेजारी स्वस्थ बसला आहे आणि सगळा भार सीपीयूवर आहे, असे दृश्य अजिबात दुर्मिळ नाही.

आपल्या कामाची यादी करा आणि प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा

कागदावर आपण रोज वापरणार असलेल्या बुद्धिमान सुविधा लिहून काढाव्यात. मग प्रत्येकीविषयी पाहावे की ती यंत्रावर चालते की इंटरनेटवरील सर्व्हरवर, ती एनपीयू वापरते का, आणि आपल्या भाषेत चालते का.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर विमान मोड चालू करून मिळते. इंटरनेट तोडल्यावर सुविधा चालली तर ती यंत्रावरची. न चालली तर तुमचा एनपीयू मोठा असो वा लहान, तिला फरक पडत नाही. ब्राउझरमधून वापरल्या जाणाऱ्या बहुतेक गप्पा मारणाऱ्या सेवा दुसऱ्या प्रकारात मोडतात.

दुसऱ्या प्रश्नाचा अनुभव व्हिडिओ कॉलमध्ये येतो. गूगल मीट स्वतः पार्श्वभूमी धूसर करते तेव्हा ते काम सहसा सीपीयू आणि जीपीयूवर होते. तेच काम विंडोज स्टुडिओ इफेक्ट्स या विंडोजच्याच कॅमेरा-सुविधेतून केले तर एनपीयूवर जाते. म्हणून एनपीयू असलेल्या यंत्रावर मीटमधला परिणाम बंद करून विंडोजमधला चालू करावा, तरच बॅटरीचा फायदा होतो. हे परिणाम प्रामुख्याने लॅपटॉपच्या अंगच्या कॅमेऱ्यासाठी असतात. बाहेरून जोडलेला कॅमेरा वापरणाऱ्यांनी ते आपल्या कॅमेऱ्यावर मिळतात का हे आधी पाहावे.

तिसरा प्रश्न आपल्यासाठी सर्वांत निर्णायक आहे. विंडोजचा अर्थानुसारी शोध सुरुवातीला इंग्रजी, चिनी, फ्रेंच, जर्मन, जपानी आणि स्पॅनिश या भाषांसाठी देण्यात आला. ज्याच्या फाइली मराठीत आहेत त्याने ‘मागच्या वर्षीची भाडेकराराची चिठ्ठी’ असे लिहून शोधण्याची अपेक्षा ठेवू नये. उत्पादकाच्या पानावर आपल्या भाषेचे नाव आहे का हे पाहून मगच त्या सुविधेला किंमत द्यावी.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू

समजा, एखाद्या तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या कर सल्लागाराला लॅपटॉप घ्यायचा आहे. दिवसभर एक्सेल, ब्राउझरमध्ये वीसेक पाने, जीएसटीची विवरणपत्रे, यूएसबी टोकनमधली डिजिटल स्वाक्षरी, मराठीत पत्रव्यवहार आणि दिवसाकाठी एखादा तास व्हिडिओ कॉल, असे काम आहे. समोर तीन पर्याय आहेत: स्नॅपड्रॅगन एक्स असलेला, रायझेन AI 5 340 असलेला आणि रायझेन 7 250 असलेला. पहिल्या दोघांत १६ जीबी मेमरी जडवलेली आहे. तिसऱ्यात १६ जीबीची एक पट्टी असून दुसरी खाच रिकामी आहे.

पहिला पर्याय टॉप्समध्ये उत्तम आहे आणि त्याची बॅटरीही चांगली टिकते, पण त्याची चिप आर्म प्रकारची, म्हणजे इंटेल आणि एएमडीच्या चिपपेक्षा वेगळ्या रचनेची आहे. जुने प्रोग्राम तिच्यावर रूपांतर करून चालवता येतात. यंत्रणेच्या गाभ्यात बसणारे ड्रायव्हर मात्र तसे चालत नाहीत, ते आर्मसाठीच बनवलेले असावे लागतात. स्वाक्षरीचे टोकन आणि कार्यालयातला जुना प्रिंटर यांच्या उत्पादकांनी तसे ड्रायव्हर दिले आहेत, हे स्वतःच्या टोकनसह दुकानात चालवून पाहिल्याशिवाय हा लॅपटॉप घेऊ नये. या व्यवसायात स्वाक्षरी न होणे म्हणजे काम थांबणे आहे, आणि त्याची भरपाई कोणताही एनपीयू करू शकत नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्याची तुलना अधिक शिकवणारी आहे. रायझेन AI 5 340 चा एनपीयू ५० टॉप्सचा आहे, परंतु तिच्यात सीपीयूचे सहा गाभे म्हणजे कोअर असून ग्राफिक्सचे चार गट आहेत. रायझेन 7 250 चा एनपीयू १६ टॉप्सचा असला तरी तिच्यात आठ गाभे आणि ग्राफिक्सचे बारा गट आहेत. रायझेन AI 5 340 चे गाभे नव्या पिढीचे आहेत हे खरे, पण टॉप्स जास्त म्हणजे सर्वच बाबतींत वरचढ, हा समज इथे टिकत नाही. या सल्लागाराच्या यादीत एनपीयूला खरोखर काम देणारी बाब एकच आहे, ती म्हणजे तासाभराचा कॉल. आणि कॅमेऱ्याचे मूळ परिणाम १६ टॉप्सच्या एनपीयूलाही झेपतात. रिकॉल ही सुविधा पडद्याची चित्रे साठवून ठेवते. ती यंत्रावरच आणि कूटबद्ध राहत असली व आपण चालू केल्याशिवाय चालू होत नसली, तरी अशिलांची आर्थिक माहिती हाताळणाऱ्याने ती बंदच ठेवावी असे मी म्हणेन. शिवाय तिला किमान ५० जीबी मोकळी जागा लागते, म्हणजे २५६ जीबीच्या यंत्रावर ती आधीच अडचणीची आहे.

म्हणून दुसरा लॅपटॉप तिसऱ्यापेक्षा महाग असेल, तर तिसरा घेऊन उरलेल्या पैशांत दुसरी १६ जीबीची पट्टी बसवणे हा या कामासाठी उघड चांगला निर्णय आहे. किमती सारख्या असतील आणि मेमरी वाढवण्याचा विचारच नसेल, तर दुसरा घ्यावा. आणि हाच खरेदीदार कर सल्लागार नसून दिवसाचे पाच-सहा तास बॅटरीवर कॉल करणारा प्रशिक्षक असता, टोकनची अडचण नसती आणि कामाची भाषा इंग्रजी असती, तर मी पहिल्या पर्यायाकडे सर्वांत आधी बोट दाखवले असते.

फोनच्या बाबतीत

फोनमध्ये एनपीयू कित्येक वर्षांपासून आहे. ॲपलने २०१७ मध्ये ए११ चिपमध्ये न्यूरल इंजिन आणले. छायाचित्र सुधारणे आणि चेहरा ओळखणे ही कामे तो न सांगता करत असतो, त्यामुळे वेगळा विचार लागतो तो फक्त नव्या भाषिक सुविधांसाठी. तिथेही मेमरी आधी पाहावी. सॅमसंगच्या ज्या फोनमध्ये गॅलक्सी एआय आहे त्यांच्या सेटिंग्जमध्ये ‘Process data only on device’ असा पर्याय असतो. तो चालू केला की कोणत्या सुविधा बंद पडतात ते पाहावे. ज्या बंद पडल्या त्या सर्व्हरवर चालत होत्या. आणि ऑफलाइन मराठी भाषांतर एवढीच गरज असेल, तर गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठीची भाषा-फाइल उतरवून ठेवता येते आणि ती साध्या फोनवरही चालते.

घरी आणल्यावर तपासणी

लॅपटॉप आला की परतीची मुदत संपण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि ‘Performance’ मध्ये ‘NPU 0’ अशी ओळ आहे का ते पाहावे. मग कॅमेरा चालू करून स्टुडिओ इफेक्ट्समधून पार्श्वभूमी धूसर करावी. त्या ओळीचा आलेख वर गेला पाहिजे. ओळच दिसत नसेल तर विंडोजची अद्ययावत आवृत्ती आणि उत्पादकाच्या संकेतस्थळावरील एनपीयूचा ड्रायव्हर बसवून पुन्हा पाहावे. ओळ दिसते पण आलेख सपाट राहतो, तर वापरलेला परिणाम त्या ॲपचा स्वतःचा आहे, विंडोजचा नाही, असे समजावे.

दुसरी तपासणी मेमरीची आहे. पॉवरशेल उघडून ही ओळ टाकावी:

```
Get-CimInstance Win32_PhysicalMemory | Select-Object DeviceLocator, Capacity, Speed
```

सुट्या पट्ट्या असलेल्या यंत्रात प्रत्येक पट्टीसाठी एक ओळ येते. 17179869184 हा आकडा म्हणजे १६ जीबी. एकच ओळ आली तर पट्टी एकच आहे. मेमरी जडवलेली असेल तर एकूण आकार अनेक ओळींत विभागून दिसतो, त्याने गोंधळून जाऊ नये. ओळींची बेरीज खोक्यावर लिहिलेल्या मेमरीइतकी आहे का एवढेच पाहावे आणि ती कमी भरली तर त्याच दिवशी विक्रेत्याशी बोलावे.